टाकीच्या तळाचं पाणी

जुलैचे शेवटचे दिवस. कोकणातल्या बंदरांवर शाकारलेल्या होड्यांवरच्या झावळ्या आणि ताडपत्र्या उतरू लागतात. १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची मासेमारीबंदी संपत आलेली असते. कुणी जाळी विणून पुरी करतो, कुणी तळाला रंग लावतो, कुणी इंजिनाच्या पेटीचं झाकण काढून आत वाकलेला असतो. बॅटरी चार्ज करून आणलेली, बेल्ट ताणलेला, ऑईलची कांडी पुसून पाहिलेली. इंजिन दोन-तीन प्रयत्नांत धडधडतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. खरी परीक्षा मात्र पुढेच असते. किनाऱ्यावर चालू झालेलं इंजिन लाटेवरही चालेल, याची खात्री या धडधडीने मिळत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, तीन सिलिंडरचं वीसेक हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होडीच्या पोटात बसवलेलं आहे. असं इंजिन मध्यम वेगाला तासाला साधारण तीन लिटर डिझेल खातं. टाकी एक मीटर लांब, चाळीस सेंटिमीटर रुंद आणि पंचवीस सेंटिमीटर उंच, म्हणजे बरोबर शंभर लिटरची. डिझेल ओढणारी नळी वरून आत उतरते आणि तळापासून अडीच सेंटिमीटरवर थांबते. तळाचा गाळ ओढला जाऊ नये म्हणून ती मुद्दाम तशी ठेवलेली असते.

या टाकीत कुठून तरी एक लिटर पाणी शिरलं आहे. डिझेलपेक्षा पाणी जड, त्यामुळे ते सगळं तळाशी बसलं. टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ पाहता एक लिटर पाण्याचा थर जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा होतो. नळीचं तोंड त्याच्या दहापट उंचीवर आहे. म्हणून जेट्टीला बांधलेली होडी तासभर चालवली तरी काही बिघडत नाही. खाडीतल्या संथ पाण्यातही नाही.

मग होडी खाडीच्या मुखाशी येते. बाणकोट असो वा दाभोळ, मुखाशी वाळूचे दांडे असतात आणि त्यांच्यावर लाटा फुटतात. होडी डाव्या-उजव्या अंगाला कलू लागते, टाकीतलं डिझेल हिंदकळतं. तळाचा तो पातळ थर एका कोपऱ्यात गोळा होतो, पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात धावतो, आपटून डिझेलमध्ये मिसळतो. गढूळ झालेलं मिश्रण नळीच्या तोंडापर्यंत उसळतं. इंजिनाची रेस आपोआप कमी-जास्त होऊ लागते, धुराड्यातून पांढरा धूर येतो. तांडेल सुकाणूवरून ओरडतो, "काय रे, मशीन का खोकतंय?" खाली वाकलेला ड्रायव्हर उत्तर देण्याआधीच इंजिन बंद पडतं. लाट जोरात असते नेमकी तिथेच हे घडतं, आणि त्यात योगायोगाचा भाग फार थोडा आहे. महिनोन् महिने तळाशी निवांत पडून राहिलेलं पाणी तिथे पहिल्यांदा ढवळलं जातं.

हे पाणी येतं कुठून? बंदरावर विचारलं तर बहुतेक जण सांगतील की टाकी अर्धी रिकामी राहिली, पावसाळ्याच्या दमट हवेने आत घाम धरला. हे कारण खोटं नाही, पण त्याचा हिशेब क्वचितच कुणी मांडतो. आपल्या टाकीत साठ लिटर डिझेल शिल्लक आहे आणि वर चाळीस लिटर हवा आहे, असं धरू. तीस अंश तापमानाच्या पूर्ण ओल्या हवेत लिटरमागे साधारण तीस मिलिग्रॅम पाणी मावतं. म्हणजे त्या चाळीस लिटर हवेत सगळं मिळून सव्वा ग्रॅम पाणी आहे. दिवसा तापून आणि रात्री गार होऊन टाकी श्वास घेते हे खरं. पण दिवस-रात्रीत दहा अंशांचा फरक धरला, जो पावसाळ्यात कोकणात सहसा नसतोच, तरी रोज जेमतेम सव्वा ते दीड लिटर हवा आत-बाहेर होते. तिच्यातला ओलावा चाळीस-पन्नास मिलिग्रॅम. एकसष्ट दिवसांचं सगळं पाणी आतच राहिलं असं मानलं, तरी ते चहाच्या एका चमच्यात मावेल.

आता दुसरा हिशेब. डिझेल भरायचं झाकण डेकवर पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या खोलगट जागेत बसवलेलं आहे. जून-जुलैत कोकणात दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. शाकारणी फाटली आणि झाकण उघड्यावर आलं, तर त्या बशीएवढ्या जागेवर दोन महिन्यांत सव्वीस लिटरच्या आसपास पाणी पडतं. झाकणाखालचं रबरी वायसर कडक होऊन चिरलेलं असेल आणि त्यातलं शंभरात दोन भाग पाणी आत झिरपलं, तरी टाकीत अर्धा लिटर जमा होतं. चमचाभर आणि अर्धा लिटर यांतला फरक लक्षात घेतला की पन्नास रुपयांच्याही आत मिळणारं वायसर दरवर्षी बदलणं किती मोलाचं आहे ते कळतं. टाकीच्या श्वासनळीचंही तसंच. तिचं तोंड खाली वळवलेलं आणि डेकवर येणाऱ्या लाटेच्या वर हवं. ते खाली असेल तर आत पावसाऐवजी समुद्राचं पाणी जातं, आणि त्यातलं मीठ पंपाचं पोलाद गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर खातं.

तिसरी वाट कॅनची. जेट्टीवर उघड्यावर ठेवलेले प्लॅस्टिकचे कॅन, धुऊन नीट न सुकवलेलं नरसाळं, पावसात उघडं राहिलेलं बॅरलचं बूच.

याखेरीज थोडं पाणी चांगल्यातल्या चांगल्या इंधनातही विरघळलेलं असतंच. भारतीय मानकानुसार डिझेलमध्ये किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं. शंभर लिटरला ते सतरा ग्रॅमच्या आसपास भरतं. ते डोळ्यांना दिसत नाही आणि इंजिनाला त्रासही देत नाही. मात्र इंधन गार झालं की त्यातलं काही सुटं होतं. या विरघळलेल्या पाण्याचं गांभीर्य जगाने एका विमान अपघातात पाहिलं. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ हीथ्रोच्या धावपट्टीअलीकडेच जमिनीला टेकलं. लांबच्या थंड प्रवासात इंधनातल्या पाण्याचे बर्फाचे कण नळ्यांमध्ये साचले होते. ऐन उतरताना ते सुटले, इंधन गरम करणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी अडकले, आणि इंजिनांना पुरेसं इंधन मिळेना. विमानातले सगळे १५२ जण वाचले. तपासात इंधन नियमात बसणारंच निघालं. कोकणात बर्फाची भीती नाही, पण इंधन नियमात बसतं म्हणजे त्यात पाणी नाही असा अर्थ होत नाही, हे तिथून शिकण्यासारखं आहे.

पाणी इंजिनाला इतकं का बाधतं हे पाहायला पंपाकडे वळावं लागतं. डिझेलवर प्रचंड दाब देऊन ते नोझलमधून धुक्यासारखं फवारणं हे पंपाचं काम. त्यासाठी आतल्या दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात दोन-चार मायक्रॉनचीच फट ठेवलेली असते. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, त्यावरून या फटीची कल्पना यावी. तिथे वंगणाचं काम खुद्द डिझेल करतं. डिझेलच्या जागी पाणी आलं की पोलादावर पोलाद घासतं. पाणी रात्रभर तिथेच राहिलं तर सकाळपर्यंत गंज धरायला लागतो आणि दट्ट्या जागीच पकडला जातो. नोझलच्या टोकाशी तापमान जास्त असतं. तिथे पाण्याची झटकन वाफ होते आणि टोक फुटू शकतं. पाण्याने इंजिन बंद पडलं त्या दिवशीचा खर्च एका फिल्टरचा असतो. तेच पाणी आठवडाभर आत राहिलं तर पंप आणि नोझल दोन्ही काढून दुकानात न्यावे लागतात.

म्हणून टाकी आणि पंप यांच्यामध्ये दोन पहारे बसवतात. पहिला टाकीजवळ, पाणी वेगळं करणारा. त्याच्या खाली पारदर्शक वाटी असते आणि वाटीच्या तळाला छोटा नळ. डिझेल आत गोल फिरवलं जातं, जड पाणी कडेला फेकलं जाऊन वाटीत उतरतं, आणि वरचं डिझेल कागदी फिल्टरमधून पुढे जातं. दुसरा पहारा इंजिनावरच असतो आणि तो जास्त बारीक. इथे एक चूक वारंवार होते. जास्त बारीक ते जास्त चांगलं असं समजून टाकीजवळही दोन मायक्रॉनचा फिल्टर घातला जातो. टाकीजवळचा फिल्टर पंपाच्या ओढीवर चालतो आणि छोट्या फीड पंपाची ओढ मर्यादित असते. बारीक फिल्टर थोडा मळला की डिझेल कमी पडतं, आणि ओढीच्या जोराने एखाद्या सैल सांध्यातून हवा आत शिरते. पहिला फिल्टर दहा किंवा तीस मायक्रॉनचा आणि इंजिनावरचा कंपनीने दिलेला बारीक, ही जोडी छोट्या इंजिनाला सोसते.

वाटीत रोज सकाळी डोकावायची सवय जडली की बऱ्याच गोष्टी आधीच कळतात. शंका आली तर तळाचा नळ उघडून पाव लिटर काचेच्या बरणीत घ्यावं आणि तासभर हलवू नये. सुटं पाणी असेल तर खाली स्वच्छ थर दिसतो आणि दोघांमधली रेघ आरशासारखी चमकते. डिझेल सगळंच ताकासारखं धुरकट दिसलं तर पाणी बारीक थेंबांच्या रूपात मिसळलेलं आहे. ते फिल्टरने पटकन सुटत नाही, त्याला रात्रभर शांत ठेवावं लागतं. त्या रेघेवर काळपट, शेवाळी पापुद्रे तरंगत असतील तर टाकीत जीव वाढला आहे. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे राहणारी बुरशी आणि जीवाणू असतात. त्यांपैकी एक बुरशी विमानांच्या टाक्यांमध्येही सापडते, आणि तिला रॉकेलची बुरशी म्हणूनच ओळखतात. ती डिझेल खाते, पण जगायला तिला पाणी लागतं. औषध टाकून ती मरते खरी, पण मेलेला लगदा फिल्टरमध्येच येऊन बसतो. आधी पाणी काढायचं, टाकी पुसायची, मग औषध, हाच क्रम योग्य.

पेट्रोलच्या टाकीत थोडं स्पिरिट टाकून पाणी घालवण्याची जुनी युक्ती अनेकांना माहीत असते. डिझेलमध्ये ती करू नये. स्पिरिट पाण्याला धरतं आणि फिल्टरमधून पार करून थेट नोझलपर्यंत पोचवतं. जे पाणी वाटीत अडलं असतं, तेच पुढे जातं.

आता दांड्याजवळ बंद पडलेल्या आपल्या होडीकडे परत जाऊ. पहिलं काम नांगर टाकणं, कारण पुढच्या कामाला अर्धा तास लागू शकतो आणि तेवढ्यात होडी दांड्यावर चढेल. मग टाकीचा कॉक बंद करायचा. वाटीखाली रिकामा डबा धरून नळ उघडायचा आणि पाणी संपून डिझेल येईपर्यंत सोडायचं. पाणी समुद्रात ओतायचं नाही, डब्यातच ठेवायचं. कागदी फिल्टर चिकट झाला असेल तर तो बदलायचा. वाटी वेगळ्या कॅनमधल्या स्वच्छ डिझेलने काठोकाठ भरायची, म्हणजे आत हवा कमी राहते. इंजिनावरचा बारीक फिल्टर मात्र ओतून भरायचा नाही. त्याच्या पुढे गाळणी नसते, त्यामुळे ओतताना पडलेला कण सरळ पंपात जातो.

मग हवा काढायची. डिझेलच्या वाटेत हवेचा बुडबुडा राहिला तर दट्ट्या तो बुडबुडाच दाबत बसतो आणि नोझल उघडतच नाही. कॉक उघडून बारीक फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि फीड पंपाची छोटी दांडी हाताने मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुड्यांसकट डिझेल, मग सलग धार. धार सलग झाली की दांडी मारता मारताच स्क्रू आवळायचा. दांडी मारूनही जोर लागत नसेल तर इंजिन हाताने अर्धा फेरा फिरवायचं. पंपाचा कॅम उंच जागी थांबलेला असतो आणि दांडीला हालायला वावच नसतो. यानंतर तेच काम पंपावरच्या स्क्रूवर. बहुतेक इंजिनं एवढ्यावर चालू होतात. नाही झालं तर नोझलच्या नळीचा नट अर्धा आटा सैल करून, रेस पूर्ण देऊन स्टार्टर मारायचा. त्या नटाजवळ हात धरू नये, कारण तिथला दाब कातडीतून आत घुसू शकतो.

स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. ज्या इंजिनांचा धूर समुद्राच्या पाण्यासोबत बाहेर पडतो, त्यांचा समुद्राच्या पाण्याचा कॉक या वेळी बंद ठेवावा. इंजिन चालू न होता नुसतं फिरत राहिलं तर पंप पाणी ढकलत राहतो, धुराड्याचा डबा भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं. इंजिन पेटलं की मात्र तो कॉक लगेच उघडायचा. या घाईत तो विसरला जातो आणि नवीनच संकट उभं राहतं.

पाण्याचा हा सगळा विचार ऑईलशीही जोडलेला आहे. एक लिटर डिझेल जळताना साधारण एक लिटर पाण्याची वाफ तयार होते. जवळजवळ सगळी धुराड्यातून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑईलमध्ये उतरते. इंजिन तासभर गरम चालत राहिलं तर ती पुन्हा उडून जाते. डिझेलमधल्या गंधकाचा जळून आम्ल होण्याचा धोकाही तिथेच असतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा डिझेल आलं आणि गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली, त्यामुळे हा धोका बराच कमी झाला. तरी वापरलेल्या काळ्या ऑईलमध्ये आम्ल, काजळी आणि ओलावा असतोच. असं ऑईल बेअरिंगवर दोन महिने बसून राहिलं तर बेअरिंगला चट्टे पडतात. ऑईल बदलायची वेळ म्हणूनच मेअखेर, होडी वर ओढण्याआधी. बरेच जण ते ऑगस्टमध्ये, नव्या हंगामाच्या तोंडावर बदलतात. तोवर काळ्या ऑईलचं नुकसान करून झालेलं असतं.

कोणतं ऑईल घ्यायचं, हा प्रश्न दुकानात अवघड वाटतो तितका अवघड नाही. डब्यावर दोन खुणा पाहायच्या. पहिली दाटपणाची, १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० अशी. कोकणात कधी कडाक्याची थंडी नसते, त्यामुळे डब्ल्यूच्या आधीच्या आकड्याने इथे फारसा फरक पडत नाही, मागचा चाळीस महत्त्वाचा. दुसरी खूण अक्षरांची. एपीआयच्या पुढे सी ने सुरू होणारा दर्जा डिझेल इंजिनासाठी असतो, एस ने सुरू होणारा पेट्रोलसाठी. सीएफ-फोर, सीएच-फोर, सीआय-फोर हे टप्पे क्रमाने नवे. टर्बो नसलेल्या साध्या छोट्या इंजिनाला सीएफ-फोर किंवा सीआय-फोर दर्जाचं खनिज ऑईल बहुधा भागतं. शेवटचा शब्द मात्र इंजिनासोबत आलेल्या पुस्तिकेचा. सीके-फोरसारखी नवी ऑईलं धुराची गाळणी असलेल्या ट्रक इंजिनांसाठी, राख कमी ठेवून बनवलेली असतात. होडीच्या जुन्या इंजिनात ती गाळणी नसते, तेव्हा त्यासाठी जादा पैसे मोजण्याचं कारण नाही. महाग सिंथेटिक ऑईल दुप्पट दिवस चालवण्यापेक्षा साधं ऑईल वेळेवर बदललं तर इंजिन जास्त टिकेल. अडीच-तीन लिटरच तर लागतं.

होडीत इंजिनाखाली हात जायला जागा नसते, त्यामुळे ऑईल खालून सोडता येत नाही. दहा-पंधरा मिनिटं चालवून इंजिन गरम करायचं आणि कांडीच्या भोकातून बारीक नळी घालून हातपंपाने ओढून घ्यायचं. गार ऑईल नळीतून येत नाही आणि गाळ खालीच राहतो. कांडीही बोलकी असते. ऑईल दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी शिरलं आहे, पंपाच्या सीलमधून किंवा हेडच्या गॅस्केटमधून. पातळी आपोआप वाढत असेल, ऑईल पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा पडदा फाटलेला असतो किंवा नोझल गळत असतो. दोन्ही प्रकारांत कारण शोधल्याशिवाय इंजिन पुढे चालवू नये.

बंदीच्या काळात दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. पाच मिनिटांत इंजिन गरम होत नाही, उलट जळण्यातून आलेला ओलावा ऑईलमध्येच राहतो. वर ओढलेल्या होडीत तर थंड करायला पाणीही नसतं आणि पाण्याच्या पंपाची रबरी पाती सुकी फिरून काही क्षणांत फाटतात. त्यापेक्षा महिन्यातून दोनदा पान्याने इंजिन हाताने थोडं फिरवलं तर बरं.

होडी वर काढताना टाकीचा विचार केला तर पुढचं काम सोपं होतं. टेकू लावताना होडी किंचित मागे किंवा एका अंगाला झुकलेली ठेवावी, म्हणजे पाणी एकाच कोपऱ्यात गोळा होईल. टाकीला नळ नसेल तर पोलादी नळी त्या कोपऱ्याच्या तळापर्यंत सोडून हातपंपाने लिटर-दोन लिटर बरणीत ओढायचं. ते ढवळण्याआधी, म्हणजे होडी पाण्यात ढकलण्याच्या आधी. ढकलल्यावर पुन्हा सगळं मिसळतं. बरणीत पाणी दिसेनासं होईपर्यंत ओढत राहायचं. पेट्रोल पंपावर टाकी मोजताना कांडीला लावतात ती पाणी शोधणारी पेस्ट मिळाली तर आणखी सोपं. पाण्याला लागली की तिचा रंग बदलतो आणि थर किती जाड आहे ते कांडीवरच वाचता येतं. कॅनमधून भरताना कॅन रात्रभर उभा ठेवायचा, हलवायचा नाही आणि शेवटचं दोन बोटं डिझेल कॅनमध्येच राहू द्यायचं.

पहिले चार-पाच दिवस जवळच्याच पाण्यात जाळं टाकावं आणि रोज परतल्यावर वाटीचा नळ उघडून पाहावा. दोन महिने तळाला धरून बसलेला गंज आणि पापुद्रे याच दिवसांत सुटतात, म्हणून दोन्ही फिल्टरांचा एकेक जादा संच, योग्य मापाचा पाना आणि पाच लिटर गाळलेलं डिझेल इंजिनाच्या पेटीजवळ, ड्रायव्हरच्या हाताला लागेल असं बांधून ठेवायचं.